मंजूर रस्त्याचा पैसा अडतो कुठे? राज्याची कर्जमर्यादा आणि आपली झेडपी

तापीकाठ (चोपडा)

आमच्या तालुक्यात दोन गावांना जोडणारा ग्रामीण मार्ग आहे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या ताब्यातला. केळीच्या गाड्या याच रस्त्याने बाहेर पडतात. जिल्हा नियोजन समितीत तो मंजूर झाला, प्रशासकीय मान्यता मिळाली, कार्यारंभ आदेशही निघाला. खडी पडली, एका बाजूने थोडं काम झालं आणि थांबलं. बांधकाम उपविभागात विचारलं तर उत्तर असं मिळालं की काम मंजूर आहे, पण निधी वितरित झालेला नाही. वरून पैसा आला की सुरू करू.

तिथेच एका अधिकाऱ्यांनी सहज सांगितलं की राज्याची कर्जाची मर्यादा संपत आली की वित्त विभाग हात आखडतो आणि पहिला फटका आमच्यासारख्यांना बसतो. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. त्यात आमचा रस्ता काही लाखांचा. राज्याने किती कर्ज काढायचं याची मर्यादा केंद्रात ठरते म्हणे. मग ती मर्यादा मंत्रालयातून जळगावला आणि जळगावहून आमच्या बांधापर्यंत नेमकी कशी पोहोचते? मला पक्षांवरचा वाद नको आहे. पैसा कोणत्या टप्प्यावर थांबतो, एवढं कोणी समजावून सांगेल का?

केळीबाग_रावेर

मर्यादा वाढली का? आमच्या विकास सोसायटीत अजून जुन्याच दराने पीककर्ज देतात. केळीचा एकरी खर्च कुठल्या कुठे गेला आणि मर्यादा तिथेच. कोणाला नवीन परिपत्रक मिळालं असेल तर इथे टाका.

तापीकाठ (चोपडा)

दादा, ही पीककर्जाची मर्यादा नाही. राज्य सरकार स्वतः बाजारातून जे कर्ज उचलतं, त्याच्या मर्यादेबद्दल विचारतोय. तुमचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, आमच्याकडचे सोसायटीचे लोक लिहितील.

भुसावळ_जंक्शन

सरळ उत्तर आहे. राज्यावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज झालंय. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातलाच आकडा आहे हा. एवढा बोजा झाल्यावर केंद्राने नवीन कर्जाला लगाम घातला. तिजोरीत खडखडाट, म्हणून रस्त्याला पैसा नाही. कर्ज फिटेपर्यंत हे असंच चालणार.

निवृत्त_लेखा (जळगाव)

माझी नोकरी लेखा व कोषागारे खात्यात गेली. त्यातला बराच काळ खान्देशातल्याच जिल्ह्यांत होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भुसावळकरांचा आकडा बरोबर आहे, पण रस्ता अडायचं कारण तो आकडा नाही. ९.३२ लाख कोटी हे आजवर साठत आलेलं एकूण कर्ज. राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी, म्हणजे राज्यात वर्षभरात तयार होणाऱ्या सगळ्या माल-सेवांच्या किमतीशी ताडून पाहिलं तर महाराष्ट्राचं कर्ज बऱ्याच राज्यांपेक्षा कमीच भरतं. मर्यादा लागते ती एका वर्षात नव्याने किती उचलायचं यावर. शिवाय लगाम आता नव्याने घातलेला नाही. राज्याने २००५ साली स्वतःच वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. संविधानाच्या अनुच्छेद २९३ मध्ये तर पहिल्यापासून आहे की राज्याकडे केंद्राच्या कर्जातला एक रुपयाही बाकी असेल, तोवर नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. केंद्र हल्ली राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं. त्यामुळे बाकी कधी शून्य होत नाही आणि संमतीची गरजही कधी संपत नाही. दर वर्षी केंद्राचं पत्र येतं, त्यात त्या वर्षीची निव्वळ कर्जाची कमाल रक्कम असते. रिझर्व्ह बँकेतला राज्याच्या रोख्यांचा लिलाव त्या रकमेच्या आतच करावा लागतो.

रक्कम ठरते राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या टक्क्यांत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ साठी ४ टक्के, पुढच्या वर्षी साडेतीन आणि २०२३-२४ पासून ३ टक्के सांगितले. वीज क्षेत्रात सुधारणा करणाऱ्या राज्यांना अर्धा टक्का जादा.

आता महाराष्ट्राचं गणित बघा. २०२५-२६ साठी राज्याचं स्थूल उत्पन्न ४९ लाख कोटींच्या आसपास धरलं होतं. त्याचे ३ टक्के म्हणजे साधारण १ लाख ४७ हजार कोटी. अर्थसंकल्पात राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायचा खर्च, दाखवली १ लाख ३६ हजार २३५ कोटी. म्हणजे मार्चमध्ये कागद मांडला तेव्हाच मर्यादेला भिडायला जेमतेम ११ हजार कोटींची जागा उरली होती. पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यातला काही भाग केवळ जमाखर्चाचा असतो, सगळा नवा बोजा नसतो, हे मान्य. तरी विधानमंडळाने मंजूर केलेला खर्च एकीकडे आणि प्रत्यक्ष उचलता येणारा पैसा दुसरीकडे, यात अंतर पडलंच.

हे अंतर वर्षाच्या आत कुठेतरी भरून काढावं लागतं. पगार थांबवता येत नाही, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही, व्याज तर एक दिवसही नाही. ज्यांच्या खात्यात थेट हप्ता जातो ती योजना थांबवली तर दुसऱ्या दिवशी ओरड होते. मग थांबवण्यासारखं उरतं काय? जिल्हा वार्षिक योजना, २५१५ या लेखाशीर्षाखालची मूलभूत सुविधांची कामं, ३०५४ खालचे जिल्हा परिषदेचे रस्ते. ही कामं रद्द होत नाहीत, नुसती पुढे जातात. तापीकाठ, तुमचा रस्ता त्यातलाच.

तापीकाठ (चोपडा)

नाना, मनापासून आभार. पण थांबवतात म्हणजे नक्की काय करतात? कोणी पत्र काढतं का की चोपड्याचा रस्ता थांबवा?

निवृत्त_लेखा (जळगाव)

रस्त्याचं नाव मंत्रालयात कोणाला ठाऊकही नसतं. सगळं बीम्सवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर चालतं. अर्थसंकल्प मंजूर झाला की प्रत्येक लेखाशीर्षासमोर रक्कम दिसते, पण ती लगेच वापरता येत नाही. वित्त विभाग ठरवतो की अमुक तारखेपर्यंत इतके टक्केच सोडायचे. तेवढीच रक्कम विभागाला, विभागाकडून जिल्हाधिकाऱ्यांना आणि तिथून जिल्हा परिषदेला बीम्सवर वितरित होते. वितरण झाल्यावर त्याची पावती, म्हणजे बीडीएस निघते. ती देयकाला जोडली तरच कोषागार पैसे देतं. बीडीएस नसेल तर काम कितीही मंजूर असो, देयक कोषागाराच्या खिडकीपाशी पोहोचतच नाही.

याचं सगळ्यात उघड उदाहरण कोरोनाचं. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढला की त्या वर्षी विकासकामांवर अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल आणि नवीन कामं हाती घ्यायची नाहीत. एका कागदाने राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांची कामं एकतृतीयांशावर आली. त्याच महिन्यात केंद्राने कर्जाची मर्यादा ३ वरून ५ टक्के केली होती. म्हणजे मर्यादा वाढूनही कपात झाली, कारण राज्याची जमाच कोसळली होती आणि वाढीव दोन टक्क्यांतल्या बऱ्याच भागाला अटी होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण कपातीला मर्यादा एकटी जबाबदार असते असं मला म्हणायचं नाही. जमा कमी पडली तरी तेच होतं, पुरवणी मागण्या फुगल्या तरी तेच. मर्यादेमुळे एवढंच होतं की तो खड्डा जादा कर्ज काढून बुजवता येत नाही.

सरपंच_साक्री

मी ग्रामपंचायतीचं सांगतो. आमचे पंधराव्या वित्त आयोगाचे हप्तेही उशिरा आले. तेही या मर्यादेमुळेच का? मग केंद्राचा पैसा राज्य स्वतःकडे ठेवून घेतं असं समजायचं का?

निवृत्त_लेखा (जळगाव)

सरपंच साहेब, इथे गल्लत करू नका. वित्त आयोगाचा पैसा केंद्राचा, राज्य फक्त पोहोचवणारं. केंद्राकडून आल्यावर कामाच्या १० दिवसांत तो स्थानिक संस्थांना द्यावा लागतो, नाही तर राज्याला व्याज भरावं लागतं. राज्याच्या तुटीचं कारण तिथे चालत नाही. हप्ता लांबला तर बहुतेक वेळा अटींमुळे लांबतो. लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन नसणं, आधीचा खर्च ई-ग्रामस्वराजवर न चढणं, मुदत संपूनही निवडणूक न होणं. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. लोकनियुक्त मंडळ नाही म्हणून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचे प्रत्येकी १० टक्के अडले. ग्रामपंचायतीचा ८० टक्के वाटा जिथे सरपंच निवडून आले होते तिथे येत राहिला. तुमचा हप्ता कशामुळे राहिला ते egramswaraj.gov.in वर तुमच्या ग्रामपंचायतीच्या नावाने बघा.

तुमचा दुसरा एक पैसा मात्र राज्याच्या तिजोरीत थांबतो, त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. गावात जमिनीची खरेदी झाली की मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार लागतो. तो जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीसाठीच गोळा केलेला असतो, निम्मा निम्मा. पण आधी तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो आणि अनुदान म्हणून परत येतो. परत येताना अर्थसंकल्पातली तरतूद, वित्त विभागाने निधी सोडणं, बीम्स हा सगळा रस्ता त्यालाही चालावा लागतो. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नात हीच मोठी बाब. ती वेळेवर आली नाही की सेसमधून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून होणारी छोटी कामं, शाळेचं छप्पर, पाण्याची मोटार, सगळं लांबतं.

सरपंच_साक्री

हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे महामार्गालगत मागच्या दोन-तीन वर्षांत खरेदीखतं खूप झाली. ग्रामसेवक भाऊसाहेबांना उद्याच विचारतो, त्याचं किती येणं होतं आणि किती आलं.

ठेकेदार_धुळे

माझी बाजू ऐका. कंत्राटदार म्हटलं की लोकांच्या मनात वेगळंच येतं. मी लहान ठेकेदार आहे. जिल्हा परिषदेचे छोटे रस्ते, मोऱ्या, अंगणवाडीच्या खोल्या करतो. काम पूर्ण, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक तयार, आणि पुढे सरकत नाही. एका खात्याकडे माझं दीड वर्ष जुनं देयक आहे. डांबर, खडी, डिझेल, मजूर, सगळ्यांना मी पैसे देऊन बसलोय. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज महिन्याला चालू. २०२५ मध्ये राज्यभरच्या कंत्राटदारांनी आंदोलनं केली ती काही हौसेने नाही.

माझा प्रश्न नानांना. सरकार म्हणतं तूट तीन टक्क्यांच्या आत. माझं देयक त्या तुटीत धरलं आहे का?

निवृत्त_लेखा (जळगाव)

नाही. या सगळ्यातलं मर्म तुम्ही नेमकं पकडलंत.

सरकारी हिशेब रोखीवर चालतो. कोषागारातून पैसा बाहेर पडला, त्या दिवशी खर्च झाला. तुमचं काम मार्चमध्ये पूर्ण झालं, मोजमाप झालं, पण पैसे जूनमध्ये दिले, तर तो पुढच्या वर्षाचा खर्च. ३१ मार्चला राज्याची तूट मोजताना तुमचं देयक कुठेच नसतं. एखादी कंपनी ते देणं म्हणून ताळेबंदात दाखवेल, सरकारच्या तुटीच्या आकड्यात ते येत नाही. त्यामुळे तूट आवरण्याचे दोन मार्ग होतात. एक, खरोखर खर्च कमी करणं. दुसरा, खर्च होऊ द्यायचा आणि पैसे पुढच्या वर्षी द्यायचे. आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या मार्गात कर्ज सरकारने घेतलेलं नसतं, ते तुमच्या कॅश क्रेडिटमध्ये जाऊन बसलेलं असतं. आणि सरकार बाजारातून ज्या दराने कर्ज उचलतं, त्यापेक्षा तुमचा दर बराच जास्त असतो.

ठेकेदार_धुळे

मग तो जास्तीचा दर कुठे जातो तेही सांगतो. पुढच्या निविदेत जातो. पूर्वी अंदाजपत्रकापेक्षा खूप खाली दर भरून कामं घ्यायचो. आता पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही म्हणून तितकं खाली कोणी जात नाही. काही चांगले लोक जिल्हा परिषदेची कामंच घेत नाहीत. आणि जे फार खाली जातात त्यांचा रस्ता पहिल्या पावसात कळतो.

वृषाली_चाळीसगाव

मी पंचायत समितीवर होते, तेव्हा बैठकीत ‘दायित्व’ हा शब्द सारखा यायचा. नवीन काम सुचवलं की म्हणायचे, ताई, दायित्वच एवढं आहे की जागा नाही. तेव्हा मला वाटायचं टाळाटाळ करतात. नाना, ते याच थकलेल्या देयकांबद्दल बोलत होते का? आणि ते दीडपटीचं गणित काय असतं?

निवृत्त_लेखा (जळगाव)

हो ताई, तेच. मंजूर होऊन सुरू झालेल्या, पण पैसे द्यायचे राहिलेल्या कामांचा बोजा म्हणजे दायित्व. दीडपटीचा नियम असा की जिल्हा परिषदेला एखाद्या योजनेत जो नियतव्यय, म्हणजे वर्षासाठी ठरवलेली रक्कम मिळते, त्यातून आधीचं दायित्व वजा करायचं आणि उरलेल्या रकमेच्या दीडपट नवीन कामांना मान्यता द्यायची. यामागचा विचार चुकीचा नाही. कामं सगळी एका वर्षात होत नाहीत आणि जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्चायला पुढच्या मार्चपर्यंत मुदत असते. थोडी जास्त कामं हातात असली की पैसा पडून राहत नाही. पण हा विचार नियतव्यय पूर्ण हातात पडेल हे धरून केलेला आहे.

समजा एका जिल्ह्यात रस्त्यांसाठी नियतव्यय १० कोटी, जुनं दायित्व ४ कोटी. उरले ६, त्याचे दीडपट ९ कोटी. म्हणजे ९ कोटींची नवी कामं मंजूर. आता जुनं आणि नवं मिळून १३ कोटी द्यायचे आहेत. पूर्ण १० कोटी आले तर पुढच्या वर्षी ३ कोटींचं दायित्व जाईल, काही बिघडत नाही.

पण वित्त विभागाने ६० टक्केच सोडले, म्हणजे ६ कोटी आले, तर दायित्व उरतं ७ कोटी. पुढच्या वर्षी नियतव्यय पुन्हा १० कोटी. त्यातून ७ गेले, उरले ३, दीडपट साडेचार. नव्या कामांची मंजुरी ९ कोटींवरून साडेचार कोटींवर आली. वर्तमानपत्रात बातमी मात्र येते की जिल्ह्याचा नियतव्यय कायम, कपात नाही. ते खोटं नसतं. नियतव्यय खरंच १० कोटीच असतो.

आता तापीकाठांचा रस्ता यात बसवा. तो बहुधा त्या ९ कोटींतला आहे. जे ६ कोटी आले, त्यातून साहजिकच आधी जुनी देयकं निघाली असतील. उरलेल्या थोड्या पैशात नव्या कामांना थोडं थोडं वाटून दिलं असेल. म्हणून खडी पडली आणि डांबर आलं नाही. निम्मं काम करून सोडलेल्या रस्त्याची खडी पावसाळ्यात वाहून जाते. पुढच्या वर्षी पैसा आला तरी सुधारित अंदाजपत्रक करावं लागतं आणि त्याची मान्यता घ्यायला पुन्हा काही महिने जातात.

भुसावळ_जंक्शन

नाना, मी वर जे लिहिलं ते एकूण कर्जाचं होतं, वर्षाची तूट वेगळी हे समजलं. पण मग माझं म्हणणं असं की ही ३ टक्क्यांची मर्यादाच काढून टाका ना. महाराष्ट्रासारखं मोठं राज्य आहे. काढा ४ टक्के, रस्ते होऊन जातील. केरळ तर याच मुद्द्यावर केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे.

निवृत्त_लेखा (जळगाव)

केरळचा दावा खरा आहे. न्यायालयाने २०२४ मध्ये अनुच्छेद २९३ चा प्रश्न घटनापीठाकडे सोपवला. त्यात काय ठरतं ते महत्त्वाचं असेल. पण मर्यादा एक टक्क्याने वाढवली तर महाराष्ट्राला ४९ हजार कोटी जादा उचलता येतील, आणि ते ग्रामीण मार्गालाच मिळतील असं कुठे लिहिलेलं नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी होती. म्हणजे एकूण कर्जातला साधारण एकतृतीयांश भाग रोजच्या खर्चासाठीच उचलायचा. ती तूट शून्य असती तर त्याच ३ टक्क्यांत तेवढी रक्कम भांडवली कामांना मोकळी झाली असती. मर्यादा ढिली करण्याआधी मी हे बघेन.

भुसावळ_जंक्शन

इथे मी तुमच्याशी सहमत नाही. रोजचा खर्च म्हणजे त्यात शिक्षकांचे पगार, दवाखाने, निराधारांचं अनुदानही आलं. तो कमी करा म्हणणं सोपं आहे. जिथे मागास भाग आहे तिथे कर्ज काढून खर्च केला तर त्यात वाईट काय?

नर्मदा_धडगाव

आमच्याकडचं लिहिते, कारण इथली सगळी चर्चा रस्त्यांवर आहे. मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे. धडगाव, अक्कलकुवा भागात पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के अबंध निधी म्हणून थेट ग्रामसभेच्या कोषात मिळतात. आमच्या पाड्यात त्यातून पाण्याची टाकी झाली. रोजगार सेवकाची वाट पाहावी लागली नाही, पुढाऱ्याच्या पत्राची गरज पडली नाही. ग्रामसभेने ठरवलं आणि झालं. या पैशाचा हप्ता लांबला की सगळं थांबतं. गावातली म्हातारी माणसं विचारतात, ‘पैसा कथा ग्यात?’ म्हणजे पैसा गेला कुठे, आणि मला सांगता येत नाही. नानांनी म्हटलेलं वित्त विभागाचं टक्केवारीचं बंधन यालाही लागतं का?

निवृत्त_लेखा (जळगाव)

लागतं, ताई. तो पैसा राज्याचाच आहे. आदिवासी उपयोजनेचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरवायचा असं धोरण आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासी ९.३५ टक्के, त्यानुसार. त्यातले तुमचे ५ टक्के. मूळ रक्कम आकसली की तुमची आपोआप आकसते, आणि ती सुटायलाही बीम्सचाच रस्ता. २०२५ मध्ये आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय या दोन्ही विभागांच्या तरतुदीतून लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी रक्कम घेतली गेली, त्यावर सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. त्या समाजातल्या लाभार्थी महिलांसाठीच ती रक्कम आहे, असा सरकारचा खुलासा होता. तो खुलासा कोणाला पटेल, कोणाला नाही. पण ग्रामसभेने ठरवायचा पैसा आणि खात्यात जाणारा हप्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं मी नक्की म्हणेन.

वृषाली_चाळीसगाव

वेगळ्या आहेत, पण दुसऱ्या गोष्टीला कमी लेखू नका. आमच्याकडे दीड हजार रुपयांत बायका औषधं आणतात, मुलांची फी भरतात. तो पैसा मधे कुठे अडत नाही, कोणाच्या सहीची वाट बघत नाही. झेडपीचा रस्ता झाला तरी टिकेल याची खात्री नसते. एखाद्या बाईला विचारलं तर ती हप्ता निवडेल, आणि तिला चूक म्हणता येणार नाही.

नर्मदा_धडगाव

ताई, चूक कोणीच म्हणत नाही. पण पाण्याची टाकी एकट्या बाईला दीड हजारात बांधता येत नाही. ती गावालाच बांधावी लागते.

जळगाव_पिंप्राळा

मग जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने स्वतःच कर्ज का काढू नये? राज्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा बरं.

ठेकेदार_धुळे

जळगावकराने हे विचारावं? हुडकोचं कर्ज विसरलात का? घरकुलांसाठी घेतलेल्या त्या कर्जापायी पालिकेची बँक खाती गोठवली गेली होती. कितीतरी वर्षं शहरातल्या रस्त्यांचा पैसा कर्जफेडीत गेला.

निवृत्त_लेखा (जळगाव)

कर्ज काढणं मुळात वाईट नाही. फेडायला स्वतःचं खात्रीचं उत्पन्न हवं. महापालिकांना निदान मालमत्ता कर आहे, आणि जकात व एलबीटी गेल्याची भरपाई २०१७ च्या कायद्याने दर वर्षी ८ टक्के वाढीसह मिळते. जळगाव आणि धुळे महापालिकांचा पगार बराचसा त्यावरच होतो. कायद्याने बांधलेली रक्कम असल्याने ती तुटीच्या वर्षीही सहसा चुकत नाही. जिल्हा परिषदेकडे तसं काय आहे? उपकर आणि तो मुद्रांक शुल्काचा वाटा, दोन्ही राज्यामार्फत येणारे. त्याच्या जोरावर कोणती बँक कर्ज देईल?

आणि एक आडवाट होती तीही बंद झाली. पूर्वी महामंडळाच्या नावाने रोखे काढायचे आणि हमी राज्याने द्यायची. आपल्याकडे तापी पाटबंधारे विकास महामंडळानेही रोखे उभारले होते. ते कर्ज राज्याच्या तुटीत दिसायचं नाही. २०२२ पासून केंद्राने ठरवलं की ज्या कर्जाची फेड राज्याच्या अर्थसंकल्पातून होते ते राज्याच्याच मर्यादेत धरायचं. हिशेबाच्या दृष्टीने मला हे योग्य वाटतं. पण त्यामुळे मोठे सिंचन प्रकल्प आणि ग्रामीण रस्ते आता एकाच रकमेतून वाटा मागतात, हेही तितकंच खरं.

तापीकाठ (चोपडा)

पुष्कळ गोष्टी उलगडल्या. मी आज जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीची टिपणी मिळवली. त्यात योजनेसमोर मंजूर नियतव्यय, प्राप्त निधी, वितरित निधी आणि खर्च असे चार रकाने आहेत. आमच्या लेखाशीर्षासमोर वितरित रक्कम दिसते आहे. पण उपविभागात अजूनही म्हणतात की पैसा आलेला नाही. आता यात खरं कोणाचं?

निवृत्त_लेखा (जळगाव)

दोघांचंही असू शकतं. नियोजन समितीच्या टिपणीतलं ‘वितरित’ म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाने जिल्हा परिषदेला दिलेलं. तिथून ते बांधकाम विभागाला आणि मग तुमच्या कामाला लागतं. मधल्या टप्प्यात ते जुन्या दायित्वाला लावलं गेलं असेल तर उपविभागापर्यंत काही उरलेलं नसेल. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात दोन गोष्टी मागा. त्या लेखाशीर्षाच्या बीडीएसचा क्रमांक व तारीख, आणि त्या रकमेतून कोणकोणत्या कामांची देयकं अदा झाली त्याची यादी. तोंडी दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. beams.mahakosh.gov.in वर लेखाशीर्षाची तरतूद आणि वितरण दिसतं, पण कामनिहाय यादी तिथे मिळणार नाही. ती जिल्हा परिषदेकडेच असते.

तारीख नीट बघा. बीडीएस ३१ मार्चची असेल तर पैसा जिल्हा परिषदेच्या खात्यात आहे आणि खर्चायला पुढच्या ३१ मार्चपर्यंत मुदत आहे. ती मुदत संपत आली असेल तर घाई करा. अखर्चित रक्कम शासनाकडे परत जमा करावी लागते, आणि एकदा परत गेली की ती नव्याने मागून आणावी लागते.

तापीकाठ (चोपडा)

सोमवारी जिल्हा परिषदेत जातो. यादी मिळाली तर इथेच टाकतो. ठेकेदार भाऊ, यादी वाचायला तुमची मदत लागेल.

ठेकेदार_धुळे

टाका. देयकाच्या तारखा आणि काम पूर्ण झाल्याच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कोणाचं किती दिवस थांबलं ते लगेच कळेल.